घरातलं माणूस गेल्यावर त्याचं म्युझिक अकाउंट: चालू ठेवावं, फुकट होऊ द्यावं, की याद्या उचलून बंद करावं?

काका गेल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी मावशीने मला एक साधा प्रश्न विचारला. "त्यांच्या फोनवर जी गाणी लागायची, ती आता माझ्या फोनवर लागतील का रे?" घरातल्या चौघांचा फॅमिली प्लॅन काकांच्या नावावर होता आणि पैसे त्यांच्या कार्डावरून जायचे. बँकेला कळवल्यामुळे ते कार्ड आता बंद होणार होतं. म्हणजे ठरवायला फारसा वेळ नव्हता. अशा वेळी घरच्यांसमोर तीन वाटा असतात, आणि कोणती बरी हे सेवा कोणती आहे यावर बरंच ठरतं. म्हणून तिन्ही वाटा स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक यांवर लावून पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, गाण्यांकडे बोट दाखवणारी यादी असते. गाणी सेवेची असतात आणि वर्गणी भरेपर्यंत ऐकता येतात. ऑफलाइन ऐकायला डाउनलोड केलेली गाणीसुद्धा फाइल म्हणून आपल्या हाती येत नाहीत, वर्गणी संपली की ती वाजत नाहीत. त्यामुळे वारशात खरोखर मिळण्यासारखं जे आहे ते म्हणजे त्या माणसाने कोणती गाणी निवडली, कोणत्या क्रमाने लावली आणि यादीला काय नाव दिलं. तेवढं वाचलं की बाकीचं पुन्हा उभं करता येतं.

पहिली वाट: त्यांचंच खातं पैसे भरून चालू ठेवणं

हे सगळ्यात सोपं वाटतं आणि पहिल्या महिन्यात बहुतेक घरं नकळत हेच करत असतात. नवीन कार्ड घातलं की सगळं होतं तसं चालू राहतं. पण नियमात हे बसत नाही. स्पॉटिफायच्या अटींप्रमाणे खातं वैयक्तिक असतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ॲपलच्या आयक्लाउडच्या अटींतही खातं वारसाकडे जात नाही असं लिहिलेलं आहे, कायदा वेगळं सांगत असेल तेवढं सोडून.

नियमापेक्षा मला दुसरी अडचण जास्त लागते. दुसऱ्या कुणी त्या खात्यावर ऐकायला सुरुवात केली की सुचवली जाणारी गाणी, अलीकडे ऐकलेली गाणी, वर्षाअखेरचा आढावा, सगळं हळूहळू ऐकणाऱ्याचं होत जातं. काकांची आवड जपायची म्हणून खातं चालू ठेवायचं आणि तीन महिन्यांनी त्यात माझीच गाणी दिसायची, असं होतं. शिवाय खात्यात शिरण्याचा कोड त्यांच्या फोन नंबरवर किंवा ईमेलवर येतो. नंबर बंद केला की एक दिवस ॲप लॉगआउट होतं आणि परत शिरता येत नाही. ही वाट महिना-दोन महिन्यांचा अवधी मिळवण्यापुरतीच ठेवावी.

दुसरी वाट: पैसे थांबवून खातं तसंच राहू देणं

तिन्ही सेवांमधला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो.

स्पॉटिफायवर वर्गणी संपली की खातं फुकटच्या प्रकारात उतरतं. जाहिराती लागतात, ऑफलाइन गाणी जातात, पण याद्या जागेवर राहतात. यूट्यूब म्युझिकवरही याद्या राहतात, मात्र तिथे खातं गूगलचं असतं. दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर असं वैयक्तिक खातं पुसून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. म्हणजे "राहू दे तसंच" या म्हणण्याला तिथे मुदत आहे.

ॲपल म्युझिकला फुकटचा प्रकार नाही. वर्गणी संपली की तिच्यातून लायब्ररीत घेतलेली गाणी आणि त्यांच्या याद्या हातातून जातात. पुन्हा वर्गणी भरली तर परत येतीलही, पण त्या भरवशावर थांबू नये. ॲपलवाल्या घराने कार्ड बंद होण्याआधीच याद्यांचं काम उरकावं.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये, आयओएस १५.२ बरोबर, वारस संपर्क नेमण्याची सोय दिली. पाच जणांपर्यंत नेमता येतात. त्यांनी मिळालेली ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला दिला की तीन वर्षं फोटो, नोंदी, फाइली बघता येतात. पण विकत घेतलेलं संगीत, वर्गण्या आणि साठवलेले पासवर्ड त्यातून वगळलेले आहेत. वारस नेमला आहे म्हणून गाण्यांची काळजी मिटली, असं होत नाही. गूगलची निष्क्रिय खात्यासाठीची सोय या बाबतीत उपयोगी आहे. मालकाने हयातीत दहा जणांपर्यंत नावं देऊन ठेवली असतील आणि सामायिक करायच्या गोष्टींत यूट्यूब निवडलं असेल, तर ठरवलेला काळ, तीन ते अठरा महिने, खातं वापरात नसलं की त्यांना तो डेटा उतरवून घेता येतो. पण त्याने आधी ते करून ठेवलेलं असायला हवं.

आयट्यून्सवर विकत घेतलेल्या गाण्यांचा प्रकार मात्र निराळा. २००९ पासून ॲपल तिथली सगळी गाणी कुलूप न लावता विकू लागलं. अशी गाणी संगणकावर उतरवलेली असतील तर त्या साध्या फाइली आहेत, दुसरीकडे नकलून ठेवल्या तरी वाजतात. जुना संगणक विकण्यापूर्वी म्युझिकचा फोल्डर बघाच.

तिसरी वाट: याद्या आपल्या खात्यात उतरवून मग खातं बंद करणं

माझं मत या वाटेच्या बाजूने आहे, फक्त शेवटची पायरी, म्हणजे खातं बंद करणं, बहुतेक वेळा गरजेचं नसतं. आणि उतरवण्यात एक फसगत आहे, ती मावशीच्या घरात घडली.

मावसबहिणीने काकांच्या याद्या आपल्या फोनवर उघडून अधिकच्या खुणेवर दाबलं होतं. याद्या तिच्या लायब्ररीत दिसायला लागल्या, म्हणून तिला वाटलं की त्या आपल्याकडे आल्या. प्रत्यक्षात ती काकांच्या याद्या नुसती फॉलो करत होती. यादी अजून त्यांच्याच खात्यात होती. खातं बंद केलं असतं तर तिच्या लायब्ररीतूनही ती गेली असती. तिन्ही सेवांवर हे असंच चालतं. ओळखायची खूण सोपी आहे: यादीच्या नावाखाली मालक म्हणून कुणाचं नाव दिसतं ते बघा. आपलं दिसलं तर प्रत आपली, त्यांचं दिसलं तर नाही.

खरी प्रत काढायची म्हणजे यादीतली सगळी गाणी उचलून आपल्या नव्या यादीत घालायची. तिन्ही ॲपमध्ये यादीच्या तीन टिंबांच्या मेनूतून ती दुसऱ्या यादीत घालता येते. स्पॉटिफायच्या संगणकावरच्या ॲपमध्ये एका गाण्यावर क्लिक करून Ctrl+A, Ctrl+C आणि नव्या यादीत Ctrl+V केलं तरी चालतं. ॲपलने २०२४ पासून privacy.apple.com वरून याद्या थेट यूट्यूब म्युझिकला पाठवण्याची सोयही दिली आहे, पण तिथे मालकाचं लॉगिन लागतं.

काकांच्या खात्यात तेवीस याद्या होत्या. त्यांचा फोन चालू होता, हे नशीब. आम्ही त्या फोनवरून प्रत्येक खासगी यादीची लिंक मावशीच्या फोनवर पाठवली आणि दुसऱ्या बाजूने प्रती काढल्या. दीड तास लागला. तीन गोष्टी मात्र हातून सुटता सुटता राहिल्या.

पहिली, आवडलेल्या गाण्यांचा कप्पा. तो इतर याद्यांसारखा पाठवता येत नाही, म्हणून आमच्या मोजणीत आलाच नव्हता, आणि सगळ्यात जास्त गाणी तिथेच होती, अकराशेच्या वर. काकांच्याच खात्यात एक नवी यादी करून ती सगळी तिच्यात टाकली, मग तिची प्रत घेतली.

दुसरी, तारखा. प्रत काढली की प्रत्येक गाण्यासमोर आजची तारीख पडते. काकांनी कोणतं गाणं कोणत्या वर्षी यादीत घातलं हे त्यातून कळत नाही, आणि मावशीला नेमकं तेच हवं होतं. त्यासाठी खात्याच्या गोपनीयतेच्या पानावरून डेटाची प्रत मागवावी लागते. स्पॉटिफायवर अशा प्रतीत `Playlist1.json` नावाची फाइल येते, तिच्यात गाण्याचं नाव, कलाकार आणि यादीत घातल्याची तारीख असते. गूगलच्या टेकआउट या डेटा उतरवून घेण्याच्या सोयीत याद्यांच्या CSV फाइली मिळतात, पण यादीत गाण्याच्या नावाऐवजी व्हिडिओचा क्रमांक असतो, म्हणजे माणसाला वाचून काही समजत नाही. मॅकवरच्या म्युझिक ॲपमधून यादी साध्या मजकुरात काढता येते. मागवलेली डेटाची प्रत यायला काही दिवस लागू शकतात आणि ती मिळाल्याची सूचना त्यांच्याच ईमेलवर येते. म्हणून ती पहिल्या दिवशी मागवून ठेवावी.

तिसरी गोष्ट करड्या ओळींची. परवाना संपल्यामुळे सेवेतून निघून गेलेली गाणी आणि काकांनी स्वतःच्या संगणकावरून जोडलेल्या फाइली नव्या यादीत वाजत नव्हत्या. संगणकावरच्या फाइली तर त्या संगणकातच असतात, यादीत फक्त नाव येतं. दोन्ही मिळून एकवीस नावं निघाली, ती वहीत लिहून घेतली. त्यातली नऊ गाणी काकांच्या जुन्या संगणकावर सापडली.

मग प्लॅनचा प्रश्न उरला. फॅमिली प्लॅनचा व्यवस्थापक नुसतं नाव बदलून बदलता येत नाही. जुना प्लॅन थांबवून घरातल्या दुसऱ्या कुणी नवा घ्यावा लागतो आणि बाकीच्यांनी त्यात यावं लागतं. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिकवर प्रत्येकाचं स्वतःचं खातं आणि त्याच्या याद्या यात शाबूत राहतात, मधल्या काळात जाहिराती लागतात आणि ऑफलाइन गाणी जातात. एक अडसर मात्र तपासून घ्यावा: स्पॉटिफायवर सदस्याला बारा महिन्यांत एकदाच दुसऱ्या फॅमिली प्लॅनमध्ये जाता येतं आणि गूगलच्या कुटुंब गटालाही तशीच मर्यादा आहे. कुणी हल्लीच गट बदलला असेल तर ग्राहक सेवेशी आधी बोलावं. आणि वर्गणी फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलेली असेल तर ती तिथूनच थांबवावी लागते. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे जाणं थांबत नाही.

आम्ही क्रम असा ठेवला: आधी डेटाची मागणी, मग प्रती, मग मावशीच्या नावावर नवा प्लॅन आणि बाकीच्यांचं त्यात येणं. काकांचं सिमकार्ड आणि ईमेल सगळ्यात शेवटी. डेटाची फाइल आठव्या दिवशी आली, तोवर नंबर चालू होता म्हणून ती उघडता आली. काकांचं खातं आम्ही बंद केलं नाही. ते फुकटच्या प्रकारात तसंच आहे, त्यावर कुणी काही ऐकत नाही. मावशीच्या फोनवरच्या याद्यांखाली आता तिचं नाव आहे, आणि यादीची नावं तिने काकांनी ठेवलेलीच ठेवली आहेत, त्यातल्या चुकलेल्या वेलांटीसकट.