साँग रेडिओ की आर्टिस्ट रेडिओ? काही महिने रोज ऐकल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या कोथरूडच्या घरात सकाळ-संध्याकाळ गाण्यांच्या अ‍ॅपवरचा रेडिओ चालू असतो. गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवायचं, रेडिओ निवडायचा, की पुढची रांग अ‍ॅप स्वतः लावत जातं. मराठी गाण्यांसाठी ही सोय कुठे छान चालते आणि कुठे अडते, हे आता चांगलंच कळलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

साँग रेडिओचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला 'इंद्रायणी काठी'वरून मिळालं. भीमसेनजींनी गायलेलं हे गाणं १९५३च्या 'गुळाचा गणपती'मधलं, शब्द गदिमांचे, संगीत पुलंचं. कागदोपत्री पाहिलं तर त्याच्यापाठोपाठ पन्नाशीतली चित्रपटगीतं यायला हवीत. पण रांगेत येतात ते तुकोबा-नामदेवांचे अभंग आणि मग हळूहळू भावगीतं. कारण गाणं कुठल्या सिनेमातलं आहे, यावर हा रेडिओ फारसा चालतच नाही. लोक ते कशासोबत ऐकतात, यावर चालतो. असंख्य लोकांच्या प्लेलिस्टमध्ये जी दोन गाणी वारंवार एकत्र दिसतात किंवा एका बैठकीत लागोपाठ ऐकली जातात, ती जवळची धरली जातात. त्यावरून प्रत्येक गाण्याला आकड्यांची एक ओळ मिळते, नकाशावर गावाला जागा मिळावी तशी. रेडिओ सुरुवातीच्या गाण्याच्या आसपासची गाणी उचलतो, एकाच गायकाची सलग येणार नाहीत हे बघतो आणि शेवटी तुमच्या आवडीप्रमाणे क्रम लावतो. म्हणून त्याच गाण्यावरून माझ्या फोनवर एक रांग लागते आणि नवऱ्याच्या फोनवर दुसरी.

रांग न संपण्याचं कारण असं, की पहिला हप्ता संपत आला की पुढची गाणी मागवली जातात, आणि त्यात तुम्ही नुकतं काय ऐकलं, काय सोडलं याचाही हिशेब येतो. इथेच रेडिओ भरकटतो. अभंगांवरून निघालेली रांग तासाभरात हिंदी भजनांत शिरते, कारण लोकप्रिय गाणी खूप जणांच्या याद्यांत असतात आणि त्यामुळे ती सगळ्यांचीच शेजारी ठरतात. भाषा बदलली की रांग घसरली, ही माझी साधी खूण आहे. तेव्हा चालू रांग दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ गाण्यावरून रेडिओ नव्याने लावावा. नको असलेलं गाणं लगेच पुढे ढकलावं. फोन ओट्यावर ठेवून गॅलरीत गेलात तर मागे वाजलेलंही सहसा 'ऐकलं' असंच धरलं जातं.

आर्टिस्ट रेडिओचा अनुभव मात्र वेगळा. तिथे सुरुवात एका गाण्यावरून होत नाही, त्या कलाकाराच्या सगळ्या श्रोत्यांवरून होते. भीमसेनजींच्या रेडिओवर म्हणूनच अभंगांचं पारडं जड होतं आणि ख्याल मागे पडतात. आशाताईंच्या बाबतीत हिंदी गाणी मराठीला झाकून टाकतात. एकाच ढंगात गाणाऱ्या कलाकारासाठी हा रेडिओ ठीक आहे. ज्यांनी दहा प्रकारचं गायलं, त्यांच्यासाठी नेमक्या गाण्यावरूनच सुरुवात करावी.

शास्त्रीय संगीतात दोन्ही कमी पडतात. एकदा दिवेलागणीला मी पूरिया धनाश्रीचा एक लांबलचक ख्याल लावला आणि रेडिओ चालू ठेवला. तो संपल्यावर तोडी सुरू झाली. सासूबाई पोथी वाचत होत्या, त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, तिन्हीसांजेला तोडी काय लावलीस?" त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं, तोडी सकाळचा राग. पण रेडिओच्या लेखी दोन्ही ठिकाणी भारदस्त पुरुषी आवाज, तानपुरा, विलंबित लय आणि तेच श्रोते. अर्ध्या तासाचे ख्याल लोक प्लेलिस्टमध्ये फारसे टाकत नाहीत, त्यामुळे शेजारी ठरवायला माहिती तुटपुंजी. अशा वेळी ध्वनिमुद्रणाचा पोत आणि लय मोजून अंदाज बांधता येतो, पण त्या मोजणीत रागाचा समय येत नाही. त्यात एकच मुद्रण तीन-चार संकलनांत वेगवेगळ्या नावांनी असतं, मग जी थोडीफार ऐकणारी मंडळी आहेत तीही विखुरतात.

म्हणून ख्यालांसाठी मी रेडिओ सोडून दिलाय. सकाळचे आणि संध्याकाळचे राग अशा दोन प्लेलिस्ट हातानेच केल्यात. अभंग, भावगीतं आणि नाट्यगीतांसाठी साँग रेडिओ रोज लागतो, आणि न ऐकलेली कितीतरी पदं त्यानेच दिली. रागाचं नाव आज बहुतेक वेळा फक्त शीर्षकात असतं, तेही दर अल्बमला वेगळ्या स्पेलिंगने. मुद्रण चढवतानाच राग आणि समय यांचे वेगळे रकाने कंपन्यांनी भरले आणि अ‍ॅपने ते वाचले, तर संध्याकाळी लावलेल्या पूरिया धनाश्रीनंतर मारवा किंवा यमन येणं अजिबात अवघड नाही.