थर मोजणारे दोन काउंटर की खोक्याचा एकच क्रमांक: पॅलेटायझरच्या प्रोग्रामची तुलना

पॅलेटायझरचा प्रोग्राम नव्याने लिहिताना, किंवा जुना बदलून घेताना, पहिला निर्णय मोजणीचा घ्यावा लागतो. एका पद्धतीत पीएलसीमध्ये दोन काउंटर असतात: एक चालू थरातील खोकी मोजतो आणि दुसरा पूर्ण झालेले थर मोजतो. दुसऱ्या पद्धतीत पॅलेटवर आतापर्यंत ठेवलेल्या खोक्यांची एकच संख्या जतन केली जाते, आणि थर कोणता व थरातील जागा कोणती हे प्रत्येक वेळी तिच्यावरून काढले जाते. मशीन अखंड चालू असेल तेव्हा दोन्ही पद्धती सारखेच काम करतात. फरक दिसतो तो मशीन मधेच थांबल्यावर, म्हणून ही तुलना मुख्यतः थांबण्याच्या आणि पुन्हा सुरू होण्याच्या क्षणांकडे पाहून केली आहे.

उदाहरणासाठी एकेक खोके उचलून ठेवणारा रोबो घेऊ. पॅलेट 1200 × 1000 मिमी आणि 150 मिमी उंच, खोके 400 × 300 मिमी आणि 250 मिमी उंच. पॅलेटच्या 1000 मिमी बाजूचे 400, 300 आणि 300 असे तीन पट्टे पडतात. पहिल्या पट्ट्यात चार खोकी आडवी बसतात आणि उरलेल्या दोन पट्ट्यांत प्रत्येकी तीन उभी बसतात, म्हणजे एका थरात दहा खोकी होतात आणि पॅलेटचा पृष्ठभाग पूर्ण भरतो. पुढच्या थरात हीच मांडणी 180 अंश फिरवली की सांधे 400 आणि 700 मिमीऐवजी 300 आणि 600 मिमीवर येतात आणि थर एकमेकांना बांधून ठेवतात. मधल्या 200 मिमीच्या पट्टीत काही उभे सांधे एकावर एक येतातच, पण दोन्ही कडांना बांधणी मिळत असल्यामुळे ते चालते. पाच थर, पन्नास खोकी, एकूण उंची 1400 मिमी.

दोन काउंटर असतील तर

या पद्धतीचे खरे बळ असे की प्रोग्राम वाचणाऱ्याला ती लगेच समजते. खोक्यांचा काउंटर दहावर गेला की तो शून्य होतो, थरांचा काउंटर एकने वाढतो आणि मांडणी बदलणारा एक बिट उलटतो. पण याचा अर्थ असाही होतो की एकच वस्तुस्थिती तीन ठिकाणी लिहून ठेवली आहे, आणि त्या तिन्ही नोंदी कायम एकमेकींशी जुळत राहतील अशी आपण अपेक्षा करतो. थराच्या सीमेवर वीज गेली आणि या तीन नोंदींपैकी एखादी वीज गेल्यावर टिकणाऱ्या मेमरीत नसेल, किंवा ऑपरेटरने स्क्रीनवरून थराचा आकडा दुरुस्त केला पण मांडणीचा बिट तसाच राहिला, तर मशीन कोणताही अलार्म न देता चुकीची मांडणी करू लागते.

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. पॅलेटच्या बाजूला उभे राहून पाहिले, की लागोपाठच्या दोन थरांचे सांधे एका सरळ रेषेत आलेले दिसतात. एका कारखान्यात मी अशी पॅलेट पाहिली आहेत. तिथे आठवडाभर खोक्यांच्या पुठ्ठ्याला आणि फोर्कलिफ्टच्या चालकाला दोष दिला जात होता. प्रत्यक्षात दर वेळी इमर्जन्सी स्टॉपनंतर उलटणाऱ्या बिटाची एक पायरी निसटत होती. निदान बिट काढून टाकून मांडणी थराच्या आकड्याच्या सम-विषमतेवरून ठरवली, तर या पद्धतीतील अर्धी जोखीम जाते. ज्यांना जुना प्रोग्राम मुळापासून बदलायचा नाही त्यांनी एवढा बदल तरी करावा, असे मला मनापासून वाटते.

एकच क्रमांक असेल तर

इथे `N` ही ठेवून झालेल्या खोक्यांची संख्या आहे, आणि विषम थरातील दहा जागांचे मध्यबिंदू दोन तक्त्यांत भरलेले आहेत. पहिल्या चार जागांसाठी `Y` 200 आहे आणि `X` अनुक्रमे 150, 450, 750, 1050 आहे. पुढच्या तीन जागांसाठी `Y` 550 आणि शेवटच्या तीनसाठी 850 आहे, आणि त्या दोन्ही पट्ट्यांत `X` 200, 600, 1000 आहे.

```
Layer := N / 10;
k := N MOD 10;
IF (Layer MOD 2) = 0 THEN
  X := TX[k];
  Y := TY[k];
ELSE
  X := 1200 - TX[9 - k];
  Y := 1000 - TY[9 - k];
END_IF;
Z := 150 + (Layer + 1) * 250;
```

`N` 33 असेल तर `Layer` 3 येतो, म्हणजे चौथा थर, आणि `k` 3 येतो. तक्त्यातील सहाव्या क्रमांकाची जागा (मोजणी शून्यापासून) 1000, 550 आहे. ती फिरवल्यावर 200, 450 मिळते, म्हणजे मधल्या पट्ट्यातील पहिली जागा. खोक्याचा वरचा पृष्ठभाग 1150 मिमीवर येतो. `9 - k` हा भाग नवखे प्रोग्रामर विसरतात. केवळ जागा फिरवल्या आणि क्रम तसाच ठेवला, तर सम थरात जवळचा पट्टा आधी भरला जातो आणि मग ग्रिपरला ठेवलेल्या खोक्यांवरून पलीकडे वाकावे लागते. क्रमही उलटा केला की दोन्ही थरांत पलीकडून अलीकडे आणि डावीकडून उजवीकडे असाच भरणा होतो.

या पद्धतीत थर आणि जागा एकमेकांशी विसंगत होऊच शकत नाहीत, कारण त्यांची स्वतंत्र नोंदच नसते. ऑपरेटरला दुरुस्ती करायची असेल तर तो एकच आकडा बदलतो. मर्यादाही सांगायला हवी: सर्व थरांत सारखीच खोकी असतील तरच हा साधा भागाकार चालतो. मधल्या एखाद्या थरात आठच खोकी असतील तर तो चालत नाही; थरांच्या मधे पुठ्ठ्याचा ताव घालायचा असेल, तर तावालाही एक पायरी मानून प्रत्येक थराच्या अकरा पायऱ्या धराव्या लागतात, आणि लेबलवरील खोक्यांची संख्या मग वेगळी काढावी लागते.

पॅलेट भरल्यावर

`N` 50 झाला की पॅलेट भरले, इथपर्यंत दोन्ही पद्धतींत मतभेद नाही. प्रश्न असा की आकडा शून्य केव्हा करायचा. बरेच प्रोग्राम तो पन्नासावे खोके ठेवताच शून्य करतात, आणि ही माझ्या मते या विषयातील सर्वात महाग चूक आहे. पुढचा कन्व्हेयर भरलेला असेल, फोर्कलिफ्ट आलेली नसेल आणि त्याच वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू झाले, तर प्रोग्रामच्या दृष्टीने पॅलेट रिकामे असते. रोबो 400 मिमी उंचीवर पहिले खोके ठेवायला खाली येतो आणि 1400 मिमी उंच थप्पीवर आदळतो. आकडा पन्नासवरच राहू द्यावा. भरलेले पॅलेट बाहेरच्या सेन्सरवरून पूर्ण गेले, नवे पॅलेट जागेवर आले आणि पॅलेटच्या फळ्यांच्या थोडा वर लावलेल्या फोटोसेलला काहीच अडले नाही, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच तो शून्य करावा. बॅच संपल्यामुळे अर्धे पॅलेट बाहेर काढायचे असेल तर त्यासाठी वेगळा आदेश ठेवावा, पण `N` ला हात लावू नये. 37 खोक्यांच्या पॅलेटवर 37 चेच लेबल लागले पाहिजे.

पॅलेट बदलायला 40 सेकंद लागत असतील आणि मिनिटाला 12 खोकी येत असतील, तर तेवढ्या वेळात आठ खोकी साठतात. 400 मिमीच्या हिशेबाने त्यांना 3.2 मीटर कन्व्हेयर लागतो. तो नसेल तर दोन पॅलेटच्या जागा हव्यात, आणि मग प्रत्येक जागेचा स्वतःचा `N` हवा.

थांबल्यानंतर पुन्हा सुरू करताना

मोजणी नेमकी केव्हा वाढते हे इथे निर्णायक ठरते. खोके उचलताना मोजले आणि ते वाटेत पडले, तर पॅलेटमध्ये भोक राहते. सोडल्यावर उशिरा मोजले आणि मधे वीज गेली, तर त्याच जागी दुसरे खोके येते. म्हणून `N` सोबत चक्राची पायरीही टिकाऊ मेमरीत ठेवावी: उचलले, जागेवर आणले, सोडले, मोजले. पुन्हा सुरू करताना पायरी आणि व्हॅक्यूम स्विच यांची तुलना करावी. खोके हातात असायला हवे आणि व्हॅक्यूम आहे, तर चक्र पुढे चालवता येते. खोके हातात असायला हवे पण व्हॅक्यूम नाही, तर ते ठेवले गेले की पडले हे प्रोग्रामला कळू शकत नाही. ग्रिपरवर अंतर मोजणारा लेझर सेन्सर असेल तर उत्तर मिळते. `N` 27 असताना त्या जागी पृष्ठभाग 650 मिमीवर दिसला तर जागा रिकामी आहे, 900 वर दिसला तर खोके बसलेले आहे. सेन्सर नसेल तर ऑपरेटरलाच विचारावे, आणि स्क्रीनवर आकड्याबरोबर थराचे चित्रही दाखवावे. आणखी एक बारीक गोष्ट: चढती कड पकडणाऱ्या `R_TRIG` ची स्मृती टिकाऊ नसेल आणि वीज येताना सेन्सर चालूच असेल, तर पहिल्याच स्कॅनमध्ये एक खोटे खोके मोजले जाऊ शकते.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्ही पद्धतींना नियम एकच आहे. ISO 13850 नुसार इमर्जन्सी स्टॉपचे बटण मोकळे केल्याने मशीन सुरू होता कामा नये; रीसेट वेगळा आणि स्टार्ट वेगळा. हे काम सुरक्षा सर्किटचे आहे, काउंटरच्या प्रोग्रामचे नाही. इमर्जन्सी स्टॉपमध्ये व्हॅक्यूम मात्र तुटू नये, नाहीतर खोके आत काम करणाऱ्याच्या अंगावर पडू शकते. स्टार्टनंतर पहिली हालचाल सरळ वर, सुरक्षित उंचीपर्यंत, कमी वेगाने व्हावी. कुंपणाचे दार उघडले गेले असेल तर आत कोणीतरी खोकी हलवली असतील असेच धरून ऑपरेटरकडून `N` ची खात्री करून घ्यावी.

कोणासाठी काय

एकेक खोके ठेवणाऱ्या रोबोसाठी मी एकच क्रमांक निवडेन, कारण तिथे थप्पी एकच असते. पण पूर्ण थर आधी वेगळ्या प्लेटवर जुळवून मग पॅलेटवर सरकवणारे पॅलेटायझर असेल, तर दोन काउंटर हीच बरोबर रचना आहे. तिथे प्लेटवरील खोकी आणि पॅलेटवरील थर या खरोखरच दोन स्वतंत्र वस्तू आहेत: प्लेटवर सात खोकी असताना पॅलेट बदलता येते आणि त्या सात खोक्यांचा नव्या पॅलेटच्या आकड्याशी काही संबंध नसतो. अशा मशीनवर एकच `N` बसवायला गेले, तर प्लेट हाताने रिकामी केली की पॅलेटचाही हिशेब बिघडतो. तिथे प्लेटचा काउंटर प्लेट रिकामी झाल्याच्या सेन्सरवर शून्य करावा, थरांचा काउंटर प्लेट पूर्ण मागे सरकल्याच्या सेन्सरवर वाढवावा, आणि मांडणीची सम-विषमता थर जुळवायला घेतानाच प्लेटच्या नोंदीत लिहून ठेवावी.