सीबीसीचं मशीन विकत घ्यावं, भाड्यानं घ्यावं की टेस्टमागे पैसे द्यावेत?

तालुक्याच्या क्लिनिकला सेल काउंटर बसवायचा म्हटलं की आजकाल तीन कोटेशनं येतात. पहिलं मशीन विकत घेण्याचं, दुसरं दरमहा ठरावीक भाड्याचं. तिसऱ्यात मशीन फुकट बसवून देतात, रीएजंटही त्यांचंच आणि आपण फक्त टेस्टमागे पैसे द्यायचे. या तिसऱ्या कोटेशनवर ‘९५ टक्के अपटाइमची हमी’ ठळक छापलेली असते. टेस्टचा दर पाहून निर्णय घेऊ नका. खरा फरक तीन ठिकाणी पडतो: ‘टेस्ट’ कशाला म्हणायचं, किमान संख्या महिन्याची की वर्षाची, आणि मशीन ‘बंद’ केव्हा धरायचं.

उदाहरणासाठी चोपड्यातलं एक क्लिनिक धरू. थ्री-पार्ट सेल काउंटर, वर्षाला ६,००० सीबीसी. महिन्याची सरासरी ५०० येते, पण खानदेशात सरासरीप्रमाणे एकही महिना जात नाही. मार्च ते जून महिन्याला २५०. जुलैत ६००. पाऊस स्थिरावला की डेंग्यू-मलेरियाचा ताप सुरू होतो आणि ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर प्रत्येकी ९००. नोव्हेंबरला ५००, पुढचे तीन महिने ४००. खालचे दर हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला. मात्र सगळे दर जीएसटीसह घ्या. आरोग्यसेवेवर जीएसटी माफ असल्यामुळे क्लिनिकला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, तो कर थेट आपल्या खर्चात जातो. ‘प्लस जीएसटी’ लिहिलेलं कोटेशन म्हणूनच स्वस्त दिसतं.

| | विकत | ठरावीक भाडं | टेस्टमागे पैसे |
|---|---|---|---|
| मशीनचा वर्षाचा खर्च | हप्ता ६४,००० + सीएमसी १६,००० | ९०,००० | ० |
| रीएजंट | १,३८,५०० | १,३८,५०० | दरात |
| कंट्रोल | ३६,००० | ३६,००० | दरात |
| वर्षाचं एकूण | २,५४,५०० | २,६४,५०० | २,७०,००० |
| एका रिपोर्टमागे | ४२ रु. | ४४ रु. | ४५ रु. |

विकतच्या रकान्यात २ लाख ४० हजारांचं मशीन, १२ टक्के व्याजानं पाच वर्षांचं कर्ज आणि दुसऱ्या वर्षापासून २०,००० रुपयांची सीएमसी, म्हणजे सुट्या भागांसह देखभालीचा वार्षिक करार, पाच वर्षांवर विभागून धरली आहे. कंट्रोल म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायचा, ठरलेल्या मूल्यांचा नमुना. रीएजंटला प्रत्येक रनमागे २० रुपये; कंट्रोल आणि पुन्हा लावलेले नमुने धरून वर्षाला ६,९२४ रन होतात, ते कसे ते पुढे पाहू.

६,००० टेस्टला तिन्ही जवळजवळ सारखेच पडतात. संख्या वर्षाला साधारण ५,३५० च्या, म्हणजे महिन्याला साडेचारशेच्या खाली गेली की टेस्टमागे पैसे देणं स्वस्त. वर गेली की विकत घेणं. महिन्याला ३०० टेस्ट असतील तर स्वतःचं मशीन रिपोर्टमागे ५६-५७ रुपयांना पडतं, वर्षाला १०,००० असतील तर ३४ रुपयांना. ठरावीक भाड्यात दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात: संख्या पडली तरी भाडं चालूच, आणि शेवटी मशीनही आपलं होत नाही. बँक कर्ज देत नसेल किंवा जागा दोन वर्षांत बदलायची असेल, तरच त्याचा विचार करा.

किमान संख्या महिन्याची असेल तर

करारात बहुतेकदा ‘दरमहा किमान ५०० टेस्ट’ असं वाक्य असतं. आपली सरासरी ५०० आहे म्हणून डॉक्टर सही करतात. आता वरचे महिने पुन्हा पाहा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत १,००० टेस्ट होतात, बिल २,००० चं येतं. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत १,२०० होतात, बिल १,५०० चं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या जादा टेस्टची वजावट कुठेच मिळत नाही. वर्षाअखेर ६,००० टेस्टसाठी ७,३०० चे पैसे जातात, म्हणजे ३,२८,५०० रुपये. ४५ चा दर प्रत्यक्षात ५५ च्या घरात गेला.

किमान संख्या वर्षाची मागा आणि ती अपेक्षेच्या ७० टक्क्यांवर धरा, इथे ४,२००. दर तीन महिन्यांनी बिल आणि मार्चअखेर ताळमेळ, असं लिहून घ्या. पुरवठादार वर्षाची अट मान्य करत नसेल, तर दर दोन-तीन रुपयांनी वाढवून दिला तरी चालेल. ६,००० टेस्टवर तीन रुपयांनी १८,००० जातात, महिन्याच्या अटीनं ५८,५०० जातात.

टेस्ट म्हणजे रिपोर्ट की रन?

बिल मशीनच्या काउंटरवर की दिलेल्या रिपोर्टवर, हे एका ओळीत स्पष्ट हवं. मशीन पेशंटच्या नमुन्यासोबत बाकीचंही चालवतं. रोज सकाळी किमान दोन पातळ्यांचे कंट्रोल, म्हणजे ३१२ दिवसांत ६२४ रन. पाच टक्के नमुने पुन्हा लावावे लागतात, ते ३००. काउंटरवर बिल असेल तर ९२४ रनचे ४१,५८० रुपये जादा.

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याकडे, हा आकडा आणखी चढतो. सिकल सेलच्या पेशंटमध्ये काही लाल पेशी त्या फोडणाऱ्या रीएजंटला, म्हणजे लाइजला, दाद देत नाहीत, न फुटता राहतात आणि मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतं. डब्ल्यूबीसी अवास्तव वाढलेला दिसला की नमुना पुन्हा लावावा लागतो, स्मिअर पाहावा लागतो. अशा भागात रनवर बिल कधीच मान्य करू नये. पैशाचा धाक असला की टेक्निशियन कंट्रोल आणि रिपीट टाळायला लागतो, आणि तिथून चुकीचे रिपोर्ट बाहेर पडतात.

टेस्टमागे पैसे देण्याचा एक फायदा मात्र कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. डायल्युएंटचा कॅन एकदा उघडला की त्याची मुदत मोजून चालू होते, कंट्रोलची बाटली तर एक-दोन आठवड्यांतच संपते. एप्रिल-मेमध्ये टेस्ट कमी असताना उरलेला माल फेकावा लागतो. विकत किंवा भाड्यात ते नुकसान आपलं, इथे पुरवठादाराचं.

९५ टक्के म्हणजे किती तास?

जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत ९२ दिवस, २,२०८ तास. हमी तिमाहीवर आणि चोवीस तासांवर मोजली तर पाच टक्के म्हणजे ११० तास. सप्टेंबरच्या ऐन तापात मशीन सलग साडेचार दिवस बंद राहिलं, तरी हमी पाळलेलीच ठरते. तीच हमी क्लिनिकच्या वेळेवर आणि महिन्यावर मोजा: रोज १० तास, २६ दिवस, २६० तास. पाच टक्के म्हणजे १३ तास. दोन्हीकडे ९५ टक्केच लिहिलेलं असतं.

घड्याळ कधी सुरू होतं तेही पाहा. ‘इंजिनिअरनं पाहणी केल्यापासून’ असेल तर त्या हमीला अर्थ नाही, कारण इंजिनिअर नाशिकहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून निघतो, शहादा-तळोद्याकडे कधी सुरतेहून, आणि सुटा भाग मुंबईहून येतो. तक्रार फोन किंवा व्हॉट्सअॅपवर नोंदवल्याच्या मिनिटापासून मोजणी हवी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद कशाला म्हणायचं. स्क्रीन चालू आहे, नमुना ओढला जातोय, आकडे येतायत, म्हणून पुरवठादार मशीन चालू धरतो. पण सकाळचा बॅकग्राउंड काउंट पाहा. हा काउंट नमुना न लावता, नुसत्या डायल्युएंटवर घेतात. बहुतेक थ्री-पार्ट मशीनवर त्यात प्लेटलेटची मर्यादा १० असते, म्हणजे मायक्रोलिटरला १०,०००. दूषित डायल्युएंट, नळीतले बुडबुडे किंवा विजेचा गोंगाट यानं तो २५ वर गेला असेल, तर खऱ्या १५,००० प्लेटलेट असलेला डेंग्यूचा पेशंट ४०,००० चा दिसू शकतो. असं मशीन बंदच आहे. करारात लिहा: ‘बॅकग्राउंड काउंट किंवा कंट्रोल मर्यादेबाहेर असल्यास मशीन बंद समजावे, दोन्ही मर्यादेत आल्यावरच चालू समजावे.’ सकाळच्या दोन्ही प्रिंट तारखेसह फाइलला लावत जा, वाद झाला तर तोच पुरावा.

अपवादांचं कलम दोनदा वाचा. तिथे साधारणपणे तीन गोष्टी असतात. पहिली, खोलीचं तापमान. ही मशीनं सहसा १५ ते ३० अंशांत चालायला बनवलेली असतात आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर असतो. एसी नसेल तर तक्रार तिथेच फेटाळली जाते. मशीनशेजारी कमाल-किमान तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवून रोजचा आकडा लिहा. दुसरी, वीज. ऑनलाइन यूपीएस आणि नीट अर्थिंग आपण द्यायचं, ते दिल्यावर विजेचा अपवाद काढून टाका. तिसरी, ‘वापरणाऱ्याची चूक’. पेशी ज्यातून मोजल्या जातात ते छिद्र तुंबलं की हेच कारण पुढे येतं, आणि कधी ते खरंही असतं: ईडीटीएची ट्यूब भरल्यावर लगेच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली नाही तर गुठळी होते आणि ती थेट छिद्रात अडकते. पण ठरलेली धुलाई करूनही आठवड्यात दोनदा तुंबत असेल तर गुठळीपेक्षा पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा संशय घ्या. ‘कंपनीनं शिकवलेली धुलाई दोनदा करूनही तुंबण दूर झाली नाही तर तो मशीनचा दोष’, एवढं वाक्य पुरतं.

दंड किती?

सप्टेंबरमध्ये रोज ३५ सीबीसी. तीन दिवस मशीन बंद म्हणजे १०५ नमुने बाहेरच्या लॅबला. तिथे १२० रुपये लागत असतील तर नमुन्यामागे ७५ जादा, एकूण ७,८७५ रुपये. करारातला दंड ‘मासिक किमान बिलाच्या ५ टक्के’ असेल तर हाती येतात १,१२५. त्यासाठी कोणी रात्रीची गाडी पकडून येत नाही. बाहेरच्या लॅबचा फरक पुरवठादारानं भरायचा आणि बंद दिवसांइतकी किमान संख्या कमी करायची, या दोन अटी मागा. आणि ४८ तासांत दुरुस्त न झाल्यास पर्यायी मशीन. ते जळगाव किंवा धुळ्यात खरोखर ठेवलेलं आहे का, हे सहीआधी जाऊन पाहा.

विकत घेतलेल्या मशीनला अशी हमी सहसा मिळत नाही. सीएमसीत फक्त ‘किती तासांत येऊ’ एवढंच असतं. महिन्याला ७००-८०० च्या वर टेस्ट असतील तर तरीही विकतच घ्या, कारण वाचलेल्या पैशात तीन-चार वर्षांत दुसरं छोटं मशीन येतं, आणि घरातलं दुसरं मशीन कुठल्याही हमीपेक्षा भरवशाचं.

टेस्टमागेच जायचं ठरलं तर सहीच्या दिवशी मशीनचा सिरियल नंबर आणि निर्मितीचं वर्ष करारात लिहून घ्या, कारण दुसऱ्या क्लिनिकमधून काढलेलं मशीन रंगवून बसवलं जातं. तीन वर्षांचा करार असेल तर सलग दोन महिने हमी मोडल्यास दंड न भरता बाहेर पडता यावं, हेही त्याच पानावर हवं.