घरचा सर्व्हर बाहेरून चालतो, घरातून नाही: हेअरपिन नॅट लावू की लोकल डीएनएस?

घरच्या जुन्या मिनी पीसीवर इमिच टाकलं होतं, सगळ्यांचे फोटो एका जागी राहावेत म्हणून. डोमेन घेतलं, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, सर्टिफिकेट मिळालं. आई मावशीकडे गेली होती तेव्हा मोबाईल डेटावर तिने सगळे फोटो मस्त बघितले, आणि घरी येऊन फोन वायफायला लागला की अ‍ॅप नुसतं फिरत बसायचं. "लांबून चालतंय आणि इथे पेटी शेजारच्या खोलीत आहे तर चालत नाही, असं कसं रे?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर शोधताना मी दोन्ही उपाय करून बघितले, म्हणून ज्याला यातलं एक निवडायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी पत्ते मांडून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. सर्व्हर `192.168.1.50`, राउटर घरातल्या बाजूने `192.168.1.1`, आईचा फोन `192.168.1.23`, आणि राउटरचा बाहेरचा पब्लिक आयपी `203.0.113.25` धरा (उदाहरणांसाठी राखीव ठेवलेल्या पत्त्यांमधला आहे). डोमेन `photos.example.com` त्या पब्लिक आयपीकडे बोट दाखवतं.

आता फोन घरात आहे. तो डोमेन विचारतो, उत्तर येतं `203.0.113.25`, फोन त्या पत्त्यावर पॅकेट पाठवतो आणि ते राउटरकडे जातं. इथे दोन वेगवेगळ्या प्रकारे गाडी अडते, आणि आपली कुठल्या प्रकारे अडलीये ते कळणं महत्त्वाचं.

पहिला प्रकार सोपा. पुष्कळ राउटरवर पोर्ट फॉरवर्डचा नियम फक्त इंटरनेटच्या बाजूने आत येणाऱ्या पॅकेटला लागतो. आपलं पॅकेट घरातल्या बाजूने आलंय, त्यामुळे नियम लागतच नाही, राउटर बघतो की `203.0.113.25` हा तर माझाच पत्ता, आणि पॅकेट स्वतःच घेऊन टाकतो. मग ब्राउझरमध्ये राउटरचं लॉगिन पान उघडतं, किंवा सर्टिफिकेट भलत्याचंच आहे अशी वॉर्निंग येते, किंवा सरळ `Connection refused`.

दुसरा प्रकार फसवा आहे, माझ्याकडे हाच होता. राउटर नियम लावतो, पॅकेटवरचा "कुणाला" पत्ता बदलून `192.168.1.50` करतो, पण "कुणाकडून" पत्ता तसाच ठेवतो, `192.168.1.23`. पॅकेट सर्व्हरला व्यवस्थित पोचतं. सर्व्हर बघतो की अरे हा तर माझ्याच नेटवर्कमधला फोन, याला उत्तर द्यायला राउटरचा नॅट कशाला हवा, आणि उत्तर थेट फोनकडे पाठवतो. फोनला मात्र उत्तर हवंय `203.0.113.25` कडून, कारण त्याने बोलणं तिथे सुरू केलं होतं, आणि आलं `192.168.1.50` कडून. असं कुठलं कनेक्शन फोनच्या खात्यात नाहीच, म्हणून तो ते तोडून टाकतो. सर्व्हरवर `tcpdump -ni eth0 tcp port 443` लावून मी आईच्या फोनवरून अ‍ॅप उघडलं तेव्हा हे असं दिसलं (अनावश्यक भाग काढलाय):

```
IP 192.168.1.23.51544 > 192.168.1.50.443: Flags [S]
IP 192.168.1.50.443 > 192.168.1.23.51544: Flags [S.]
IP 192.168.1.23.51544 > 192.168.1.50.443: Flags [R]
```

पहिली ओळ म्हणजे फोनची हाक, दुसरी सर्व्हरचा होकार, आणि तिसरीतला `R` म्हणजे फोनने "मी तुला ओळखत नाही" म्हणून दार लावलं. हे बघितल्यावर सगळं लख्ख कळलं, सर्व्हरमध्ये काहीच बिघाड नव्हता. पहिल्या प्रकारात इथे एकही ओळ येत नाही, हाच दोघांमधला फरक ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग.

हेअरपिन नॅट काय करतं तर दोन्ही पत्ते बदलतं. "कुणाला" बदलून सर्व्हरचा, आणि "कुणाकडून" बदलून राउटरचा स्वतःचा, `192.168.1.1`. मग सर्व्हरचं उत्तर राउटरकडेच परत येतं, राउटर आपल्या नोंदी बघून दोन्ही पत्ते पुन्हा मूळचे करतो आणि फोनला उत्तर बरोबर `203.0.113.25` कडून मिळतं. घाटातल्या हेअरपिन वळणासारखं पॅकेट राउटरपर्यंत जाऊन तिथूनच परत घरात वळतं, म्हणून हे नाव. लिनक्स राउटर असेल तर नियम दोनच:

```
iptables -t nat -A PREROUTING -d 203.0.113.25 -p tcp --dport 443 -j DNAT --to-destination 192.168.1.50
iptables -t nat -A POSTROUTING -s 192.168.1.0/24 -d 192.168.1.50 -p tcp --dport 443 -j MASQUERADE
```

दुसऱ्या ओळीतलं `-s 192.168.1.0/24` विसरू नका, अगदी कळकळीने सांगतोय. ते गाळलं तरी सगळं चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग बाहेरून येणारा प्रत्येक माणूससुद्धा सर्व्हरला राउटरच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो आणि कोण कुठून आलं ते कायमचं पुसलं जातं. आणि पहिल्या ओळीत पब्लिक आयपी हाताने लिहिलाय, तो बदलता असेल तर ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी नियम बंद पडेल.

ओपनडब्ल्यूआरटीवर हे हाताने करायची गरज नाही, पोर्ट फॉरवर्डच्या नियमात `NAT Loopback` नावाची टिक असते आणि ती मुळातच चालू असते. पीएफसेन्सवर त्याला `NAT Reflection` म्हणतात आणि ते स्वतः चालू करावं लागतं. मायक्रोटिकवर वरच्यासारखा मास्करेडचा नियम आपणच घालायचा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात मात्र नशीब, काहींमध्ये आपोआप चालतं, काहींमध्ये सेटिंगच नसतं. 2007 च्या आरएफसी 4787 मध्ये यूडीपीसाठी नॅट करणाऱ्या डब्याने हेअरपिन केलंच पाहिजे असं लिहून ठेवलंय, तरी ही परिस्थिती आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दुसरा उपाय, लोकल डीएनएस, म्हणजे स्प्लिट डीएनएस. यात पॅकेटच्या वाटेला हातच लावायचा नाही, उत्तरच बदलायचं. घरात कुणी `photos.example.com` विचारलं तर घरचा डीएनएस (पायहोल, अ‍ॅडगार्ड होम, किंवा राउटरमधला डीएनएसमास्क) थेट `192.168.1.50` सांगतो, बाहेर तेच नाव पब्लिक आयपी देतं. डीएनएसमास्कमध्ये एक ओळ पुरते:

```
address=/photos.example.com/192.168.1.50
```

हा उपाय मी आधी केला होता कारण ऐकायला तोच स्वच्छ वाटतो, आणि काही बाबतीत तो खरंच सरस आहे. फोन थेट सर्व्हरशी बोलतो, राउटरच्या प्रोसेसरला प्रत्येक पॅकेटचे पत्ते बदलत बसावं लागत नाही, आणि स्वस्त राउटरवर मोठे व्हिडिओ चढवताना हा फरक जाणवू शकतो. तुमच्याकडे किती पडतो ते बघायचं असेल तर हेअरपिन लावून २ जीबीची एकच फाइल एकदा डोमेनने आणि एकदा `192.168.1.50` ने कॉपी करून वेळ लावून बघा, अंदाज बांधत बसू नका. शिवाय सर्व्हरच्या लॉगमध्ये घरातला प्रत्येक फोन आपापल्या पत्त्याने दिसतो.

ही लॉगची गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. हेअरपिनमध्ये घरातले सगळे सर्व्हरला `192.168.1.1` म्हणूनच दिसतात. सर्व्हरवर फेलटूबॅन असेल (मुळात १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता १० मिनिटं बंद करतो) आणि घरातल्या एका टॅबलेटमध्ये जुना पासवर्ड राहून गेला असेल, तर तो टॅबलेट चुकत राहतो आणि बंदी राउटरच्या पत्त्यावर पडते, म्हणजे एकदम सगळ्या घरावर. उपाय सोपा आहे, फेलटूबॅनच्या `ignoreip` मध्ये `192.168.1.1` घाला, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

मग मी लोकल डीएनएस का सोडला? लॅपटॉपवर लगेच चाललं, आईच्या फोनवर नाही. तासभर डोकं लावल्यावर दिसलं की तिच्या फोनमध्ये जाहिराती बंद करायला कुणीतरी `Private DNS` मध्ये बाहेरच्या सर्व्हरचं नाव टाकून ठेवलं होतं, त्यामुळे फोन घरच्या डीएनएसला विचारतच नव्हता. तिथे `Automatic` असेल तर अडचण नाही, पण नाव टाकलेलं असेल तर तुमचं लोकल उत्तर त्या फोनपर्यंत कधीच पोचणार नाही. ब्राउझरमधल्या सिक्युअर डीएनएसचंही तेच. दुसरं म्हणजे आई अपलोड चालू ठेवून घराबाहेर पडली की अ‍ॅपने `192.168.1.50` लक्षात ठेवलेलं असायचं आणि थोडा वेळ तिथेच धडका मारत राहायचं. आणि तिसरं, डीएनएसला पोर्ट कळत नाही. बाहेरून 8443 आणि आत 443 असं फॉरवर्ड केलं असेल, किंवा एकाच डोमेनचे दोन पोर्ट दोन वेगळ्या मशीनवर जात असतील, तर लोकल डीएनएस तिथे कामाचाच नाही.

म्हणून माझं मत असं, घरात पाहुणे येतात, पोरांचे फोन, टीव्ही, प्रत्येकाचं डीएनएस तुमच्या हातात नाही, तर हेअरपिन लावा, कारण ते कुणाच्या फोनला हात न लावता चालतं. मोठा डेटा रोज जातो, सगळी उपकरणं तुमचीच, किंवा राउटरमध्ये हेअरपिनची सोयच नाही, तर लोकल डीएनएस. दोन्ही एकत्रही बिनधास्त चालतात, माझ्याकडे आता हेअरपिन चालू आहे आणि बॅकअप घेणाऱ्या एका लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये थेट सर्व्हरचा पत्ता आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी आणि `curl -4 ifconfig.me` ने दिसणारा आयपी एकच आहे का? वॅन आयपी `100.64` ते `100.127` मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात, आणि साधं पोर्ट फॉरवर्ड बाहेरूनच चालणार नाही. तो `192.168` किंवा `10` ने सुरू होत असेल तर बहुतेक कंपनीच्या डब्यामागे तुमचा राउटर लावलाय आणि नॅट दोनदा होतंय. अशा वेळी पब्लिक आयपी तुमच्या राउटरचा नाहीच, त्यामुळे त्यातली नेहमीची लूपबॅकची टिक त्या आयपीला ओळखत नाही आणि पॅकेट पुढच्या डब्याकडे जाऊन तिथे अडकतं. डबा ब्रिज मोडवर टाकून घेणं उत्तम, ते जमत नसेल तर तुमच्याच राउटरवर वरच्यासारखा पब्लिक आयपी हाताने लिहिलेला नियम घाला, तो पॅकेट पुढे जायच्या आधीच वळवतो.

नियम लावून झाले की तोच `tcpdump` पुन्हा चालवा आणि वायफायवरून अ‍ॅप उघडा. पहिल्या ओळीत `192.168.1.23` च्या जागी `192.168.1.1` दिसला आणि खाली `R` आला नाही, तर झालं काम. आईच्या फोनवर त्या संध्याकाळी राहिलेले चारशेच्या वर फोटो एका दमात चढले.