व्हायब्रेशन मंद झालं म्हणून नागपूरच्या बर्डीत गेलो आणि 1650 रुपये घालवले

फोनचं व्हायब्रेशन कमी झालं आणि दुकानदाराने समोर करंट लावून "बघा, मोटर मेली" असं दाखवलं, तर तेवढ्यावर पैसे देऊ नका. ती परीक्षाच खोटी असू शकते. आमच्या बाबतीत तशी होती. तेव्हा समजलं नाही, कारण डोळ्यांसमोर घडलेलं खोटं असेल असं मनातच येत नाही.

फोन आईचा. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. यंत्र लावते, पण बाजारात, बसमध्ये रिंग तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फोन कमरेच्या बटव्यात असतो आणि तो थरथरला की तिला कळतं. दुसऱ्या कुणाला व्हायब्रेशन ही किरकोळ सोय वाटेल, तिच्यासाठी तीच फोनची घंटा आहे. दिवाळीनंतर तिचे कॉल सुटायला लागले. हातात धरलं तर हलकी गुणगुण जाणवायची, बटव्यात काहीच नाही. कीबोर्डवर बोट ठेवल्यावर जो बारीक ठोका यायचा, तोही बंद.

सक्करदऱ्याहून आम्ही दोघं बर्डीला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, तिथे अशी बरीच दुकानं एकमेकांना लागून आहेत. काउंटरवरच्या मुलाने फोन घेतला, कव्हर काढून बाजूला ठेवलं आणि थेट मागचं झाकण गरम करायला घेतलं. सेटिंग उघडली नाही, केव्हापासून होतंय हेही विचारलं नाही. झाकण निघाल्यावर त्याने मोटरची तार सोडवली, पॉवर सप्लायच्या दोन सुया तिच्या टोकांना टेकवल्या. टक्‌ असा एक आवाज आला आणि पुढे शांत.

"मेली हो काकू. करंट देऊन राहिलो, तरी हलत नाही."

मग डब्यातून त्याने नाण्यासारखी गोल चपटी मोटर काढली, तिला त्याच सुया लावल्या. ती भर्रर करून फिरली. "आता बघा भाऊ, ही कशी फिरून राहिली." मोटरचे 450 सांगितले. ती फोनमध्ये लावली तर फोन जवळपास हललाच नाही. तेव्हा तो म्हणाला की बोर्डवरचा व्हायब्रेटर आयसी, म्हणजे मोटर चालवणारी चिपही गेलीय, त्याचे 1200 लागतील, फोन संध्याकाळी मिळेल. संध्याकाळी फोन चांगला थरथरत होता. पैसे यूपीआयने दिले. चिठ्ठीवर नुसतं "मोबाइल रिपेअर 1650" लिहिलेलं. जुना पार्ट मागितला तर कचऱ्यात गेला म्हणाला.

घरी आल्यावर आईने कव्हर चढवलं आणि व्हायब्रेशन पुन्हा कमी वाटू लागलं. यावेळी महाल भागातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. आमच्या ओळखीत त्यांचं नाव निघतं ते कामासाठी. त्यांनी फोन आधी उघडला नाही. कव्हर काढून फोन काचेवर उताणा ठेवला आणि आईच्या नंबरवर मला कॉल लावायला सांगितलं. काच खणखणली. मग कव्हर घालून तेच केलं. आवाज अर्ध्यावर आल्यासारखा. कव्हर जाड सिलिकॉनचं, मागे धरायची धातूची कडी आणि भाच्याने मोपेडच्या होल्डरसाठी आत चिकटवलेली चुंबकाची चकती.

त्यांनी कव्हर वजनाच्या काट्यावर टाकलं. 60 ग्रॅमला थोडं जास्त भरलं, फोन 190 च्या आसपास. काकांचं म्हणणं साधं होतं: मोटरमधलं एवढंसं वजन मागेपुढे होऊन अख्ख्या फोनला हलवतं. हलवायचं वजन 190 वरून 250 झालं की तेवढ्याच धक्क्यात हालचाल साधारण चौथाईने घटते, आणि वरून सिलिकॉन उरलेली थरथर शोषून घेतं. चुंबक मोटरच्या अगदी जवळ बसला तर आतल्या वजनाची चालही बिघडू शकते, कारण त्या मोटरमध्ये स्वतःचा चुंबक असतो.

मग त्यांनी सेटिंग उघडली. आवाज आणि कंपन या भागात कॉल, नोटिफिकेशन आणि स्पर्श अशा तीन वेगळ्या पट्ट्या होत्या. कॉलची पट्टी आता पूर्ण उजवीकडे होती. ती डावीकडे ओढून त्यांनी पुन्हा कॉल लावायला सांगितलं, आणि हीच ती गुणगुण, आई लगेच म्हणाली. दिवाळीत भाचा राहायला होता. रात्री लाकडी टेबलावर फोन खडखडतो म्हणून त्याने ती पट्टी खाली आणली होती, हे त्यानेच नंतर फोनवर सांगितलं. बर्डीच्या दुकानात ती कुणीतरी वर नेली होती. कीबोर्डचा ठोका का गेला तेही निघालं: फोन बॅटरी सेव्हरवर होता, आणि अँड्रॉइडमध्ये बॅटरी सेव्हर चालू असताना स्पर्शाचं कंपन बंद पडतं, कॉलचं चालू राहतं. म्हणजे ठोका गेला एवढ्यावरून मोटर गेली असं धरता येत नाही. आयफोनवाल्यांनी अ‍ॅक्सेसिबिलिटीत टच उघडून व्हायब्रेशनचं बटण पाहावं. ते बंद असेल तर सगळंच थांबतं, आणीबाणीच्या सूचनेचंसुद्धा.

तरीही आईच्या मनातून शंका जाईना, म्हणून काकांनी आमच्यासमोर फोन उघडला. आत नवी मोटर नव्हतीच. कंपनीची चौकोनी लांबट मोटर होती, छापील नंबरसकट, फक्त खालची चिकटपट्टी एकदा उचकटून पुन्हा दाबलेली. बोर्डवर ज्या आयसीचे 1200 घेतले होते, त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण कधी निघालेलंच नव्हतं. आयसी बदलताना गरम हवा लागली की कडेचा डिंक रंग बदलतो, सोल्डरिंगला लावलेल्या फ्लक्सचे डाग राहतात, आजूबाजूचे बारीक भाग सरकतात. तिथे सगळं कोरं होतं. मल्टिमीटर लावल्यावर मोटरने 10 ओहमच्या आसपास दाखवलं. तुटलेल्या गुंडाळीवर मीटर OL दाखवतो, आकडा येतच नाही.

मग मी विचारलं, करंट दिल्यावर ती हलली का नाही? इथेच सगळा खेळ होता.

फोनमध्ये दोन जातींच्या मोटरी येतात. एक फिरणारी: दांड्यावर एका बाजूला जड तुकडा, तो गरगर फिरला की फोन हलतो. तिला साधा डीसी करंट, म्हणजे एकाच दिशेचा, दिला की ती चालते. दुसरी सरळ रेषेत मागेपुढे होणारी, तिला लिनियर म्हणतात. तिच्यात स्प्रिंगवर टांगलेलं वजन असतं आणि त्याला एका सेकंदाला साधारण दीडशे ते अडीचशे वेळा उलटसुलट ढकलावं लागतं. हे काम बोर्डवरचा आयसी दिशा बदलणारा करंट देऊन करतो. लिनियर मोटरला सरळ डीसी लावला तर वजन एका बाजूला जाऊन टेकतं आणि तिथेच थांबतं. तो एक टक्‌ आवाज म्हणजे ठणठणीत मोटरची खूण होती. झोपाळा एकदाच ढकलून तसाच धरून ठेवला तर तो झुलेल कसा, असं काका आईला म्हणाले.

उलटही तेवढंच खरं. फिरणारी मोटर लिनियरच्या जागी लावली तर आयसीचा उलटसुलट करंट तिला एक क्षण इकडे, एक क्षण तिकडे ओढतो. ती फिरूच शकत नाही, फार तर बारीक कुरकुर करते. म्हणून दुकानात नवी मोटर सप्लायवर जोरात फिरली आणि फोनमध्ये गप्प राहिली. आयसी खराब असल्याचा पुरावा म्हणून जे दाखवलं, तो चुकीचा पार्ट लावल्याचा परिणाम होता. नंतर त्याने जुनीच मोटर परत बसवली, पट्टी वर केली आणि दोन्हींचे पैसे घेतले. तो मुलगा हे जाणून करत होता की नाही, असं एका नातेवाइकाने विचारलं. मोटर अजाणतेपणी चुकू शकते. न बदललेल्या आयसीचे 1200 अजाणतेपणी लागत नाहीत.

मोटर खरंच जाते तेव्हा काय दिसतं, तेही काकांकडून समजून घेतलं. कव्हर काढून, पट्ट्या वर करूनही काहीच होत नाही. किंवा खरखर, धातू घासल्यासारखा आवाज येतो, म्हणजे स्प्रिंग किंवा वजन सुटलंय. फोन पडल्यावर हे होतं. किंवा पाठीवर टिचकी मारली, दाबलं की सुरू होतं आणि सोडलं की थांबतं. हा बहुतेक वेळा संपर्काचा दोष असतो: अनेक फोनमध्ये मोटर दोन बारीक स्प्रिंग पिनांवर नुसती टेकलेली असते, आणि बॅटरी बदलताना झाकण नीट बसलं नाही किंवा पाण्याने पिन गंजल्या की ती टेक सुटते. तिथे सफाई पुरते, नवा पार्ट लागत नाही. मल्टिमीटरलाही मर्यादा आहे. 10 ओहम दाखवले म्हणजे गुंडाळी शाबूत आहे एवढंच. वजन अडकलेलं असेल तर मीटरला ते कळत नाही.

फोन न उघडता चाचणी घ्यायची असेल तर डायलरमध्ये हे टाकून पाहा. पहिला कोड सॅमसंगचा, दुसरा शाओमीचा, आणि काही मॉडेलवर ते बंदही असतात.

```
*#0*#
*#*#6484#*#*
```

उघडणाऱ्या यादीत व्हायब्रेशनची चाचणी असते. ती कुठल्याही अ‍ॅपच्या नोटिफिकेशनवर अवलंबून नसते, त्यामुळे इथे फोन जोरात थरथरला आणि कॉल आल्यावर थरथरला नाही, तर दोष सेटिंगमध्ये शोधायचा. ही चाचणी दुकानदाराला फोन द्यायच्या आधी, कव्हर काढून, त्याच्यासमोर करा. आणि तो सुया टेकवायला लागला तर विचारा: या मॉडेलची मोटर फिरणारी आहे की लिनियर? कामाची माहिती असलेला माणूस लगेच सांगतो. आमच्या काकांनी फोनचा मॉडेल नंबर पाहूनच सांगितलं होतं.

मी बर्डीला परत गेलो. आधी "गॅरंटी नाही" म्हणाला. झाकण न निघालेल्या आयसीचा फोटो दाखवल्यावर मालक पुढे आला आणि 450 परत केले. आयसी "बदललाच आहे" यावर तो ठाम राहिला. पक्कं बिल मागितलं, दिलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे वस्तूचं किंवा सेवेचं बिल न देणं हाच अनुचित व्यापार ठरतो, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार केली. चिठ्ठी, यूपीआयची पावती, बोर्डचे फोटो आणि महालातल्या काकांनी लिहून दिलेला कागद जोडला आहे. 1200 रुपये अजून यायचे आहेत.