हॅव की गेट? काम दुसऱ्याकडून करून घेताना

‘आय हॅड माय हाउस पेंटेड’ आणि ‘आय गॉट माय हाउस पेंटेड’. घर दोन्हींत दुसऱ्याच कुणीतरी रंगवलं. अर्थामध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. गेट जरा बोलीतलं आणि खटपट सुचवणारं, हॅव जरा औपचारिक, एवढंच. मग लिहिताना हाताशी कोणतं ठेवायचं? माझा कल गेटकडे आहे, आणि त्याला कारण हॅवची एक खोड आहे.

हॅव एकाच वेळी दोन नोकऱ्या करतं. ते काम करवून घेतं, आणि पूर्ण काळाचं साहाय्यक क्रियापद म्हणूनही राबतं. त्यामुळे शब्दांचा क्रम जरा हलला की वाक्य गुपचूप दुसऱ्या अर्थात शिरतं. ‘आय हॅड द हाउस पेंटेड’ म्हणजे घर रंगवून घेतलं. ‘आय हॅड पेंटेड द हाउस’ म्हणजे मी स्वतःच ब्रश हातात घेतला होता. दुसरं वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, म्हणून कानाला खटकत नाही आणि तपासणाराही त्याखाली लाल रेघ मारत नाही. हीच अदलाबदल गेटमध्ये करून पाहा: ‘आय गॉट पेंटेड द हाउस’. वाक्य तिथल्या तिथे कोसळतं. चूक व्हायचीच असेल तर ती अशी उघडी पडलेली मला परवडते.

गेटविरुद्धची तक्रार नेहमी ‘टू’बद्दल असते. करणारा माणूस आधी आला की हॅवला साधं मूळ रूप चालतं: ‘हॅड द पेंटर पेंट द हाउस’. गेटला मात्र ‘टू’ लागतो: ‘गॉट द पेंटर टू पेंट द हाउस’. लक्षात ठेवायला एक गोष्ट वाढते, हे कबूल. पण तो ‘टू’ उपयोगीही पडतो. कट, पुट यांसारख्या क्रियापदांचं पहिलं आणि तिसरं रूप सारखंच दिसतं. ‘हॅड द बार्बर कट’ इथपर्यंत वाचलं तर न्हाव्याने काही कापलं की न्हाव्यालाच कापलं, हे पुढे गेल्याशिवाय कळत नाही. ‘गॉट द बार्बर टू कट’मध्ये ती शंकाच उरत नाही.

‘माणूस असेल तर टू, वस्तू असेल तर तिसरं रूप’ हा शिकवणीतला नियम मात्र अर्धाच आहे. ‘दे गॉट द चाइल्ड व्हॅक्सिनेटेड’मध्ये मूल माणूसच आहे, तरी तिसरं रूप आलं, कारण लस मुलाला मिळाली, त्याने कुणाला दिली नाही. उलट ‘ही गॉट द इंजिन टू स्टार्ट’मध्ये इंजिन वस्तू असूनही ‘टू’ आला, कारण सुरू होणारं तेच आहे. विचारायचं ते एवढंच: मधला शब्द काम करतोय की त्याच्यावर काम होतंय? आणि अडून बसलेल्या इंजिनाच्या बाबतीत इंग्रजीत गेटच म्हणतात, तिथे हॅव बसत नाही.

आता पर्यायांत चूक कशी शोधायची ते पाहू. प्रश्न असा समजा: ‘दे डिडन्ट पेंट द हाउस देमसेल्व्ज. दे ____.’

१) हॅड पेंटेड इट
२) गॉट अ पेंटर पेंट इट
३) हॅड अ पेंटर टू पेंट इट
४) गॉट इट पेंटेड

दुसऱ्यात रंगारी काम करतोय आणि आधी गेट आहे, म्हणजे ‘टू’ गळला. तिसऱ्यात हॅवला नको असलेला ‘टू’ चिकटला. हे दोन्ही दिसताक्षणी खोडता येतात. वेळ खातो तो पहिला, कारण सुटा वाचला तर तो बरोबरच आहे. तो पडतो तो आधीच्या वाक्यामुळे: त्यांनी स्वतः रंगवलं नाही असं सांगून लगेच त्यांनीच रंगवलं होतं, असं कसं म्हणणार? उत्तर चौथा. अशा प्रश्नांत आधीचं वाक्य न वाचता रिकामी जागा भरणारे बहुधा पहिल्यावरच अडकतात.

हॅवला मी अगदी मोडीत काढत नाही. नकोशी गोष्ट वाट्याला येते तेव्हा तेच शोभतं. ‘शी हॅड हर पर्स स्टोलन’ म्हणजे तिची पर्स चोरीला गेली. तिथे गेट घातलं तर बोलण्यात ते चालतं, पण तिचाच निष्काळजीपणा होता अशी छटा येऊ शकते. हाताखालच्या माणसाला काम सांगतानाही हॅव सरळ वाटतं. गेटमध्ये थोडी मनधरणी डोकावते. प्रश्न करताना मात्र दोघांनाही ‘डिड’ लागतो: ‘डिड यू हॅव इट पेंटेड?’ हॅवच्या बाबतीत हा ‘डिड’ विसरून ‘हॅड यू इट पेंटेड?’ लिहिणारे पुष्कळ. गेटबाबत तशी चूक माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि पर्यायांत ‘हॅड इट पेंटेड’ आणि ‘गॉट इट पेंटेड’ दोन्ही शेजारीशेजारी दिसले, एकच निवडायला सांगितलं, तर आधी भोवतालच्या वाक्यात औपचारिकपणाचा काही इशारा आहे का ते बघा. नसेल, तर दोष प्रश्न काढणाऱ्याचा.