फॅन्सी ड्रेसची रंगीत तालीम आधी फोटोवर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लेकीच्या फॅन्सी ड्रेससाठी कापड कापण्याआधी तिच्या फोटोवर पोशाख चढवून पाहायचा, ही पद्धत मी गेले काही महिने वापरते आहे. त्यासाठी GIMP हा फोटोवर काम करायचा मोफत प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर टाकला. झटपट वेश बदलून देणारी मोबाइल ॲप्स भरपूर आहेत, पण त्यातली बरीचशी फोटो आपल्या सर्व्हरवर नेतात. पुढे तो तिथे किती दिवस राहतो, हे आपल्या हातात उरत नाही. GIMP मध्ये सगळं काम इंटरनेट बंद ठेवूनही होतं, आणि लहान मुलाच्या फोटोसाठी मला हेच सर्वात महत्त्वाचं वाटतं.

यातलं खरं काम फोटो काढतानाच होतं. मुलीला अंगासरशी बसणारे, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे साधे कपडे घालते. शाळेचा बिल्ला किंवा घराची पाटी फोटोत येऊ देत नाही. मोबाइल तिच्या छातीच्या उंचीवर धरून साधारण तीन मीटरवरून फोटो घेते, कारण जवळून किंवा वरून काढला तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. हात अंगापासून थोडे दूर ठेवायला सांगते, म्हणजे नंतर आकृती कापून घेणं सोपं जातं.

मग माप. या पद्धतीचा सगळा फायदा इथे आहे. लेकीची उंची ११२ सेंटीमीटर. फोटोत डोक्यापासून टाचेपर्यंतचं अंतर Measure टूलने मोजलं तर २२४० पिक्सेल. म्हणजे एका सेंटीमीटरला २० पिक्सेल. तिला फुलपाखरू व्हायचं होतं आणि मनात होते एक मीटर रुंदीचे पंख. ते २००० पिक्सेल रुंद काढून तिच्या आकृतीच्या मागच्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी मागच्या थरावर, ठेवले. पंखांचं खालचं टोक गुडघ्याखाली गेलं आणि त्या पसाऱ्यात ती स्वतः दिसेनाशी झाली. तेच पंख लहान करत १४०० पिक्सेलवर आणले तेव्हा चेहरा उठून दिसला आणि टोक गुडघ्याच्या वर राहिलं. १४०० भागिले २०, म्हणजे ७० सेंटीमीटर. वर्तमानपत्राचा नमुना त्याच मापाने कापला.

हे गणित शरीराच्या जवळपास त्याच पातळीत असलेल्या वस्तूंनाच लागू पडतं. पाठीवरचे पंख पाच सेंटीमीटर मागे असले तरी तीन मीटरवरून फरक दोन टक्केही नसतो. पण पुढे केलेल्या हातातली काठी चाळीस सेंटीमीटर कॅमेऱ्याजवळ आली की सुमारे पंधरा टक्के मोठी दिसते. असं सामान वेगळं मोजलेलं बरं.

रंगासाठी लेयरचा मोड Multiply केला की खालच्या कपड्याच्या चुण्या दिसत राहतात आणि रंग खरा वाटतो. गडद कपड्यांवर हे जमत नाही, सगळं काळपटच होत जातं. म्हणून आधीचा फिकट कपड्यांचा आग्रह. मात्र नेमकी छटा पडद्यावर ठरवू नये, ती कापडाचा तुकडा तिच्याजवळ धरूनच ठरवावी. चेहरा, वर्ण आणि बांधा यांना मी हात लावत नाही. पोशाख बदलायचा, मूल नाही.

मला फार आवडलेली चाचणी म्हणजे चित्र छोटं करून पाहणं. दहा मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला ही मुलगी जेवढी दिसेल, तेवढी ती अर्ध्या मीटरवरच्या पडद्यावर साधारण साडेपाच सेंटीमीटर उंच दिसते. त्या आकाराला पंखांवरची बारीक नक्षी विरघळून गेली, तर काळी किनार आणि दोन मोठे ठिपके स्पष्ट राहिले. आम्ही नक्षी सोडूनच दिली.

फोटोत न कळणाऱ्या गोष्टीही आहेत: वजन, उकाडा, बसता येतं का, पायऱ्या चढता येतात का. त्यासाठी कागदी पंख बांधून तिला घरभर फिरवलं. दारातून जाताना पंख अडले नाहीत, पण खुर्चीत टेकून बसता येईना, म्हणून ते सहज काढता येतील असे बंद लावले.

फाइल बाहेर द्यायची वेळ शिवणकाम करणाऱ्या ताईंमुळे आली. त्यांना चेहऱ्याची गरज नव्हती, म्हणून मानेखालचा भागच कापून दिला. GIMP ची स्वतःची .xcf फाइल कधीच पाठवू नये. तिच्यात सगळे लेयर असतात, त्यामुळे वर झाकलेलं खाली शाबूत राहतं. JPEG करताना Exif आणि XMP ही फोटोसोबत जाणारी माहिती आणि thumbnail म्हणजे छोटी प्रतिमा, यांच्यापुढच्या निवडीच्या खुणा काढून टाकते. Exif मध्ये फोटो काढल्याचं ठिकाण असू शकतं, आणि छोट्या प्रतिमेत कधी कधी न कापलेला मूळ फोटो उरतो. लेकीलाही प्रत्येक चित्र आधी दाखवते. तिने नको म्हटलेलं एक चित्र ताईंपर्यंत गेलंच नाही, ते तिच्यासमोरच पुसलं.